सदाकतनामा

२०२४ची ईद होऊन आठवडा झाला होता. नांदेडला देगलूर नाक्यावरच्या आमच्या घरी माझा एक जुना विद्यार्थी आला. आठवी ते दहावी माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकलेला, पुढे सिव्हिल इंजिनिअर झालेला. लातूरच्या एका कंत्राटदाराकडे नोकरी करत होता. ती मार्चअखेर सोडून सौदीला जायच्या खटपटीत होता.

त्याने बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत कंत्राटदाराच्या फर्मचं लेटरहेड होतं. वर फर्मचं नाव, खाली सही आणि गोल शिक्का. मधला सगळा कागद कोरा.

"साहेब बोले, ऊपर जो चाहिए वो लिख ले. सर, आपका मजमून अच्छा रहता. थोडा बना दो ना."

आमच्या भागात अनुभव प्रमाणपत्र बहुतेकदा असंच तयार होतं. ज्याने साक्ष द्यायची तो सही करून मोकळा होतो, आणि ज्याच्याबद्दल साक्ष द्यायची तोच ती लिहितो. मालक लबाड असतो असं नाही. त्याला इंग्रजी लिहायचा कंटाळा असतो, आणि पोरगं चाललंय तर त्याचं भलं होवो अशी भावनाही असते. पण कोऱ्या कागदावरची सही आली की लिहिणाऱ्याच्या हातात नको तेवढी ताकद येते.

पोराने मोबाइलवर स्वतःचा मसुदाही दाखवला. कुठूनतरी उतरवलेला होता. त्यात तो 'सिनियर प्रोजेक्ट मॅनेजर' होता. त्याने पन्नास कोटींचे प्रकल्प पार पाडले होते, दीडशे माणसांच्या टीमचं नेतृत्व केलं होतं, पाण्याच्या टाक्यांचं डिझाइन स्टॅड-प्रो या सॉफ्टवेअरवर केलं होतं. तो डायनॅमिक, हार्डवर्किंग आणि रिझल्ट-ओरिएंटेड होता. नोकरीची सुरुवात १ फेब्रुवारी २०१९, शेवट ३१ मार्च २०२४.

"फेब्रुवारीत तू कॉलेजात नव्हतास का?" मी विचारलं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, ॲडमध्ये पाच वर्षं मागितलीत. माझी पौने पाच होतात."

त्याच्या शेवटच्या वर्षाचा निकाल जून २०१९ अखेरचा. लातूरला तो रुजू झाला ८ जुलैला. ८ जुलै २०१९ ते ३१ मार्च २०२४ म्हणजे चार वर्षं, आठ महिने आणि चोवीस दिवस. सगळं भांडण त्या उरलेल्या तीन महिन्यांचं होतं.

मी लगेच नाही म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. पण मी काही बोललो नाही, कारण हा मसुदा मला ओळखीचा वाटत होता. दहा-बारा वर्षांपूर्वी असाच एक मी स्वतः लिहिला होता. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मेकॅनिकल झालेल्या मुलासाठी. तो एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात होता, मशिनचं तेलपाणी बघायचा, बेअरिंग बदलून घ्यायचा. मी लिहिलं की त्याने देखभालीची संपूर्ण योजना 'स्वतंत्रपणे आखली आणि राबवली'. वाक्य छान झालं होतं. त्याला आखातात नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे एका प्लांटचं वर्षाचं देखभालीचं वेळापत्रक टाकून 'हे बनव' असं सांगितलं. त्याला ते जमलं नाही. परत पाठवलं नाही, फक्त हुद्दा खाली उतरवला आणि पगार जवळजवळ निम्मा केला. करार दोन वर्षांचा, घरी कर्ज. त्याने दोन वर्षं तशीच काढली. त्याची अम्मी मला कधी काही बोलली नाही. त्या वर्षीही ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याचा डबा आला. तो खाणं मला जड गेलं, एवढंच सांगतो.

म्हणून या पोराला मी म्हणालो, "कागद इथं ठेव. उद्या ये. येताना पीएफचं पासबुक, बँकेचं स्टेटमेंट, नेमणुकीचं काही पत्र असेल तर ते आणि साइटवरच्या डायऱ्या घेऊन ये."

रात्री विचार करत बसलो. शाळेत आम्ही किती दाखले लिहितो! शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात आम्ही सगळ्यांना 'चांगली' लिहितो. ज्याने बाकं मोडली त्यालाही, जो कधी तोंड वर करून बोलला नाही त्यालाही. त्यामुळे तो रकाना कोणी वाचत नाही. पण त्याच दाखल्यातली जन्मतारीख माणसाला आयुष्यभर पुरते. पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत तिच्यावर चालतं, एक आकडा चुकला तर माणूस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. एकाच कागदावर विशेषणाची किंमत शून्य आणि तारखेची किंमत एवढी. अनुभव प्रमाणपत्राचंही तसंच आहे.

जर्मनीत तर हे टोकाला गेलं आहे. तिथे नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रमाणपत्र मागायचा कायद्याने हक्क आहे, आणि ते खरंही असावं आणि माणसाच्या पुढच्या वाटेत काटे न टाकणारंही असावं, अशी न्यायालयांची भूमिका आहे. परिणाम असा झाला की मालक वाईट लिहू शकत नाहीत, म्हणून चांगल्या शब्दांच्याच पायऱ्या पडल्या. 'आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं' हा तिथे वरचा शेरा नाही. वरचा शेरा मिळवायला 'नेहमीच' लागतं आणि 'पूर्ण' शब्दाचंही 'पूर्णतम' करावं लागतं. 'प्रयत्न करत असे' एवढंच लिहिलं तर वाचणारा समजतो, की जमलं नाही. शब्द फुगत गेले की शेवटी त्यांचा कोश लावावा लागतो, तो हा असा.

आमच्या दखनी भागात जुन्या लोकांच्या तोंडी सर्टिफिकेटला एक सुंदर शब्द आहे : सदाकतनामा. नांदेड, लातूर हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, आणि हैदराबादच्या उर्दूत हा शब्द अजून चालतो. सदाकत म्हणजे सच्चाई. मराठीत आपण प्रमाणपत्र म्हणतो. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे मापही. सिमेंट-वाळूचं प्रमाण म्हणतो तेच. मला दोन्ही शब्द मिळून या कागदाची व्याख्या पुरी होते असं वाटतं. खरं असावं आणि मापात असावं.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला. मी त्याला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं. "तू काम मराठीत केलंस, मराठीत सांग. मी लिहितो. इंग्रजी नंतर."

त्याने सुरुवात केली, "औसा तालुक्यातल्या तीन गावांत पाण्याच्या टाक्यांचं बांधकाम करण्यात आलं. काँक्रीटची चाचणी घेण्यात आली. मोजमापं नोंदवण्यात आली."

मी थांबवलं. मराठीच्या तासाला मी प्रयोग शिकवतो, कर्तरी, कर्मणी, भावे. 'करण्यात आलं' हे सरकारी मराठीचं लाडकं रूप आहे, कारण त्यात कर्ता सापडत नाही. टाकी बांधण्यात आली, हे खरं आहे. पण कोणी? मिस्त्रीने, मुकादमाने, कंत्राटदाराने, खात्याने, की तू? अनुभव प्रमाणपत्रातलं बहुतेक खोटं या कर्ता नसलेल्या वाक्यांतून शिरतं. माणूस थेट खोटं बोलत नाही, तो फक्त प्रकल्पाच्या शेजारी उभा राहतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, यानेच केलं.

मग आम्ही वहीचं पान उभं तीन भागांत दुमडलं. पहिल्या भागात वर लिहिलं 'स्वतः केलं'. दुसऱ्यात 'करून घेतलं'. तिसऱ्यात 'सोबत होतो'. प्रत्येक काम यातल्या एकाच भागात टाकायचं, असा नियम केला.

डिझाइन कुठे टाकायचं? टाक्यांचे आराखडे मंजूर होऊन आले होते. याने ते वाचले, त्यावरून काम केलं. स्टॅड-प्रो कॉलेजात शिकला होता, साइटवर कधी उघडलं नव्हतं. म्हणजे डिझाइन तिन्ही भागांत बसत नाही. ते गेलं.

सळ्यांचं वेळापत्रक, ज्याला साइटवर बीबीएस म्हणतात, ते मात्र त्याने स्वतः केलं होतं. कुठल्या व्यासाची सळई, किती लांबीची कापायची, कुठे वाकवायची, किती नग, किती वजन, हे सगळं आराखड्यावरून काढून त्याने एक्सेलमध्ये मांडलेलं. ते त्याच्या मसुद्यात कुठेच नव्हतं! त्याला ते 'छोटं काम' वाटत होतं. पहिल्या भागात गेलं. ऑटो लेव्हलने पातळ्या काढणं, पायाची आखणी, तीही पहिल्या भागात. काँक्रीट ओतण्याआधी सळ्या, कव्हर, फळ्या तपासून घेणं, मिस्त्री-मजुरांकडून क्युअरिंग करून घेणं, ही दुसऱ्या भागात.

काँक्रीटच्या चाचणीवर जरा वेळ गेला. पंधरा सेंटिमीटरचे क्यूब, तीन-तीनचा संच, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघतात. याने मसुद्यात 'काँक्रीटची चाचणी केली' लिहिलं होतं. खरं काय? क्यूब त्याने भरले, त्यावर तारीख घातली, पाण्यात ठेवले, प्रयोगशाळेत पाठवले आणि आलेले निकाल नोंदवले. मशिनवर दाबले प्रयोगशाळेने. फरक बारीक वाटतो. पण समोरच्या इंजिनिअरने 'मशिनचा भार वाढवायचा वेग किती ठेवलास?' असं विचारलं तर हाच फरक आडवा येतो. आम्ही लिहिलं : 'क्यूब तयार केले, प्रयोगशाळेत पाठवले, निकालांची नोंद ठेवली.' वाक्य लांबलं, पण यातलं प्रत्येक क्रियापद तो डोळे मिटून सांगू शकतो.

मोजमापाचंही तसंच. सरकारी कामात मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, खात्याचा अभियंता लिहितो. कंत्राटदाराचा माणूस जोडीने टेप धरतो, आकडे पटले की सही करतो, आपल्या बाजूने बिलाचा तक्ता करतो. याने 'एमबी लिहिली' म्हटलं असतं तर जाणकाराला तिथेच शंका आली असती. ते तिसऱ्या भागात गेलं : संयुक्त मोजमापाला हजर. बिलाचा तक्ता पहिल्या भागात.

दीडशे माणसं कुठून आली? फर्मच्या सगळ्या साइट मिळून तेवढी होती. याच्या साइटवर स्लॅबच्या दिवशी पंचवीस-तीस, एरवी बारा ते पंधरा. पन्नास कोटी? ती फर्मने इतक्या वर्षांत केलेल्या कामांची बेरीज. याच्या तीन योजनांची निविदा रक्कम मिळून सव्वाचार कोटींच्या आसपास. आम्ही मालकाकडून कार्यादेशावरचा नेमका आकडा घ्यायचं ठरवलं आणि तेवढी जागा मोकळी सोडली.

तारखांचा घोळ वेगळाच निघाला. पीएफच्या पासबुकात त्याची नोंद एप्रिल २०२१पासून होती. त्याआधी एकवीस महिने फर्मने पीएफ भरलाच नव्हता. पगार मात्र बँकेत जमा होत होता. आता प्रमाणपत्र म्हणतं २०१९ आणि पासबुक म्हणतं २०२१. पडताळणी करणारा पहिल्यांदा हेच बघतो, कारण पासबुक मालकाच्या शब्दावर चालत नाही. अशा वेळी लोक दोनपैकी एक चूक करतात. गप्प बसतात आणि सापडले की गडबडतात, नाहीतर खरी वर्षंही सोडून देतात. आम्ही ते उघड लिहिलं : जुलै २०१९ ते मार्च २०२१ पगार थेट बँकेत, एप्रिल २०२१पासून भविष्य निर्वाह निधीत नोंद. सोबत बँकेचं स्टेटमेंट. विसंगती जिथे आहे तिथेच तिचं कारण असलं की ती विसंगती राहत नाही.

आणि फेब्रुवारी २०१९? "सर, तीनच महिने हैं," तो पुन्हा म्हणाला.

मी त्याच्याच फोल्डरमधली गुणपत्रिका काढून प्रमाणपत्राच्या शेजारी ठेवली. शेवटचं सेमिस्टर, परीक्षा मे महिन्यात, निकाल जूनमध्ये. दोन्ही कागद एकाच अर्जाला जोडले जाणार. सौदीत अभियंता म्हणून काम करायचं तर सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी लागते, तिथेही पदवीचा कागद जातोच. पदवी हातात यायच्या आधी पूर्णवेळ इंजिनिअर म्हणून काम करत होतास, असं तुझे दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलतील. आणि एक तारीख खोटी निघाली की खऱ्या चार वर्षं आठ महिन्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्याचा चुलतभाऊ कॅनडाच्या अर्जाची तयारी करत होता. त्याच्याकडून आम्ही तिथल्या इमिग्रेशन खात्याची यादी घेतली, कारण मालकाच्या पत्रात काय हवं ते त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. फर्मचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. नोकरीच्या तारखा, हुद्दा, मुख्य कामं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर लाभ. यात 'मेहनती' किंवा 'प्रामाणिक' असा रकानाच नाही. आणि खोटी माहिती दिली असं ठरलं तर तिथे पाच वर्षं अर्ज करता येत नाही. तिथल्या अर्जात लोक आणखी एक चूक करतात : खात्याने प्रत्येक व्यवसायाला क्रमांक देऊन त्याची कामं लिहिलेली असतात, सिव्हिल इंजिनिअरचा क्रमांक २१३००, आणि लोक ती वाक्यंच्या वाक्यं मालकाच्या पत्रात उतरवतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती यादी पाठ असते. त्याला औशाची टाकी बघायची असते आणि त्याच्यासमोर त्याचंच पुस्तक येतं.

आमच्या पोराला सौदीला एवढं सगळं मागितलं नव्हतं. तरी आम्ही तोच साचा घेतला.

मसुदा तयार झाला. इंग्रजी नंतर केलं, मराठीत तो साधारण असा होता :

"हे आमच्या फर्ममध्ये ८ जुलै २०१९ ते ३१ मार्च २०२४ या काळात साइट इंजिनिअर (स्थापत्य) म्हणून पूर्णवेळ, आठवड्याला ४८ तास, नोकरीस होते. ऑगस्ट २०२१पर्यंत त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्या आणि गावांतर्गत काँक्रीट रस्त्यांच्या कामांवर देखरेख केली. सप्टेंबर २०२१पासून त्यांनी औसा तालुक्यातील तीन गावांच्या पाणीपुरवठा योजनांवर काम केले. त्यात प्रत्येकी १ लाख लिटरच्या दोन आणि ७५ हजार लिटरची एक अशा तीन उंच टाक्या आणि सुमारे १४ किलोमीटर वितरण नलिका होती. पातळ्या, आखणी, सळ्यांचे वेळापत्रक आणि बिलांचे तक्ते त्यांनी स्वतः केले. काँक्रीटपूर्व तपासणी आणि क्युअरिंग त्यांनी १२ ते १५ कामगारांकडून करून घेतले. क्यूब तयार करून प्रयोगशाळेत पाठवले आणि निकालांची नोंद ठेवली. खात्याच्या अभियंत्यासोबत संयुक्त मोजमापाला ते हजर होते. टाक्यांचे संरचना-आराखडे मंजूर स्वरूपात प्राप्त झाले होते. त्यांची रचना या पदाच्या कामात नव्हती."

शेवटचं वाक्य त्याला खटकलं. "सर, जे केलं नाही ते कशाला लिहायचं?" प्रश्न रास्त होता. सगळं न केलेलं लिहायचं नसतंच. पण टाकी म्हटलं की समोरचा 'डिझाइन कोणी केलं' हे विचारणारच. ते वाक्य वाचल्यावर बाकीच्या ओळींवर त्याचा भरवसा बसतो. तो तयार झाला, मनापासून नाही.

कोरं लेटरहेड मी त्याला परत दिलं. "यावर नको. हे साहेबांना वाचून दाखवू, मग त्यांनी नवीन कागदावर सही करावी." रविवार होता. सकाळच्या एसटीने लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं. औसा रोडवर फर्मचं ऑफिस.

मालक मोठ्या मनाचा माणूस. चहा मागवला, मसुदा हातात घेतला आणि म्हणाला, "गुर्जी, हे काय लिवलंय? पोरगं चांगलंय माझं. म्यानेजर लिवा की. मी सही ठोकतो."

मी विचारलं, "साहेब, उद्या तिकडून फोन आला तर कोण उचलेल?"

ऑफिसचा फोन मुनीमजी उचलतात. ते कोपऱ्यात बसलेच होते. मी त्यांनाच विचारलं, "हा तुमच्याकडे काय होता?"

"साइट इंजिनिअर," मुनीमजी मान वर न करता म्हणाले.

मालक हसला. हुद्द्याचा प्रश्न तिथे मिटला. पडताळणीचा फोन किंवा मेल येतो तेव्हा मालक साइटवर असतो, नाहीतर एखाद्या लग्नात. उत्तर देतो तो हजेरीपट सांभाळणारा माणूस, आणि त्याला आपण लिहिलेलं इंग्रजी माहीत नसतं. म्हणून प्रमाणपत्रात तेच लिहावं जे मुनीमजी न विचारता सांगतील.

एका ओळीवर मात्र मालक अडला. टाकी बांधून झाली की ती पाण्याने भरतात, काँक्रीटमध्ये पाणी मुरायला सात दिवस देतात आणि पुढचे सात दिवस बाहेरून बघतात, कुठे ओल येते का. दुसऱ्या गावच्या टाकीला ओल आली होती. याने ती जागा खडूने आखली, टाकी रिकामी करून ग्राउटिंग करून घेतलं आणि पुन्हा चौदा दिवसांची चाचणी लावली. टाकी पास झाली. माझ्या मते पोराच्या पाच वर्षांतलं हे सगळ्यात मोलाचं काम होतं, आणि मी ते सविस्तर लिहिलं होतं.

"हे काढा," मालक म्हणाला. "माझ्या लेटरहेडवर माझीच टाकी गळती म्हणून लिवू का?"

त्याचंही खरं होतं. प्रमाणपत्र पोराबद्दल असलं तरी नाव फर्मचं असतं. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी एवढं राहिलं : 'तिन्ही टाक्यांच्या पाणी-चाचण्यांच्या नोंदी ठेवल्या, एका टाकीची दुरुस्तीनंतरची पुनर्चाचणी धरून.' खोटं काही नाही, मालकाची अब्रूही राहिली. बाकीचं पोराने तोंडी सांगायचं.

मालकाने कार्यादेश काढून रक्कम भरून दिली. मुनीमजींनी जावक क्रमांक टाकला. सहीखाली मालकाचं पूर्ण नाव, हुद्दा, मोबाइल आणि ऑफिसचा ईमेल घातला. एक प्रत फर्मच्या फाइलमध्ये ठेवायला लावली. हे बहुतेक जण विसरतात, आणि सहा महिन्यांनी मेल येतो तेव्हा आपण काय लिहून दिलं तेच फर्मला आठवत नाही. कोरं सही केलेलं लेटरहेड मालकाने माझ्यासमोर फाडलं.

परतताना पोरगा म्हणाला, "आता यावर साक्षांकनाचे शिक्के बसले की पक्कं होईल." मी त्याला सांगितलं, की ते शिक्के सही आणि मोहर खरी असल्याचं सांगतात. खासगी फर्मच्या कागदाला आधी चेंबर ऑफ कॉमर्सचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. आत लिहिलेली टाकी खरी आहे की नाही, हे त्यातला कोणीच बघत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि सही करणाऱ्याची.

गाडी अहमदपूरला थांबली तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट आली. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, ती उधारीचा कागद कसा लिहावा याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, आणि साक्षीदाराने बोलावल्यावर यायला नकार देऊ नये. लहानपणी पाठ करताना मला हे हिशेबाचं काय मध्येच, असं वाटायचं. त्या मेकॅनिकलच्या मुलाचा डबा आला त्या ईदपासून तसं वाटत नाही.

मुंबईला मुलाखत झाली. ज्या जागेला पाच वर्षं हवी होती ती त्याला मिळाली नाही. पौने पाच म्हणजे पौने पाच, त्यांनी सांगितलं. पण मुलाखत घेणाऱ्याने प्रमाणपत्रातल्या 'पुनर्चाचणी' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, काय झालं होतं? मग ओल कुठे आली, खडूने का आखली, दुसऱ्यांदाही सात दिवस मुरायला का दिले, यावर ते पंधरा-वीस मिनिटं बोलत राहिले. त्याला त्याच कंपनीत खालची, साइट इंजिनिअरची जागा दिली. पगार जाहिरातीपेक्षा बराच कमी. पडताळणीचा मेल जूनमध्ये लातूरला आला. मुनीमजींनी फाइल काढून त्यावरून उत्तर दिलं.

आता तो तिकडे आहे. मध्ये फोन आला होता. आवाजात आनंद होता, आणि थोडा रागही.

"सर, तीन महिन्यांनी सोडली असती तर सिनियरमध्ये बसलो असतो."

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"इथं एका टाकीच्या चाचणीवर लावलंय मला. आज सहावा दिवस."

"मग?"

"अजून कोरडी आहे," तो म्हणाला.